पुरवठादाराचा खातेउतारा आणि आपलं खरेदीखातं: साडेनऊ लाखांहून मोठ्या फरकाचा माग

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब पाहते. आमच्याकडे बराच पैसा जातो तो पिग आयर्नवर, म्हणजे भट्टीत घालायच्या कच्च्या लोखंडावर. ते आम्ही एकाच व्यापाऱ्याकडून घेतो, माल गोव्यातून येतो. ३१ मार्च २०२५ चं वर्षअखेर बंद करताना त्यांच्याकडून खातेउतारा मागवला. त्यांच्या पुस्तकात आमच्याकडून येणं होतं २२,४६,३३० रुपये. आमच्या टॅलीत त्यांचं देणं दिसत होतं १२,६१,८७० रुपये. फरक ९,८४,४६० रुपयांचा.

एवढा फरक दिसला की पहिला मोह होतो तो हीच रक्कम कुठे सापडते का ते शोधायचा. मालकांनीही तेच विचारलं, “एखादं मोठं बिल राहिलंय का बघा.” पण ९,८४,४६० ही रक्कम कुठल्याच कागदावर नसते. ती बेरीज-वजाबाकीनंतर उरलेली असते. काही गोष्टींनी त्यांचा आकडा फुगलेला असतो, काहींनी आपला, आणि दोन्ही एकमेकांना झाकतात. म्हणून निव्वळ फरकाकडे बघायचं नाही, ओळीला ओळ लावायची. फरक एकशे वीस रुपयांचा असला तरी मी असंच करते, कारण त्या एकशे वीसच्या खाली चार-चार लाखांच्या दोन उलटसुलट चुका निघू शकतात.

सुरुवात आरंभीच्या शिल्लकेपासून. १ एप्रिल २०२४ ला त्यांची आणि आमची शिल्लक जुळते का? जुळत होती, मागच्या वर्षी दोघांच्या सहीचं शिल्लक-पत्र फायलीत होतं. हे नसतं तर आधी मागच्या वर्षात शिरावं लागलं असतं. आरंभच जुळत नसेल तर चालू वर्षाच्या ओळी कितीही जुळवल्या तरी फरक तसाच उरतो.

मग दोन्ही उतारे एक्सेलमध्ये घेतले. त्यांची नावे बाजू ती आमची जमा बाजू, हे ध्यानात ठेवून बिलं एका पत्रकात आणि पैसे दुसऱ्या पत्रकात वेगळे केले. पुढची अडचण बिल नंबरांची. त्यांच्याकडे नंबर असतो `KI/24-25/0912`. आमच्याकडे नोंद करणाऱ्याने कधी तसाच्या तसा घातलेला, कधी `912`, कधी `KI-0912`. डोळ्याने जुळवायला गेलं की डोळा रकमेवर जातो, आणि रकमेवर विसंबणं आमच्या धंद्यात फार धोक्याचं. गाडीत नऊ टन माल आणि टनाचा भाव ४०,००० असला की बिल ३,६०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२४,८०० चं होतं. भाव दोन-तीन महिने तोच राहिला तर ४,२४,८०० ची दोन-तीन बिलं सहज असतात. म्हणून आधी दोन्हीकडचे नंबर एकाच रूपात आणले:

```
=VALUE(RIGHT(TRIM(A2),4))
=COUNTIF(H:H,B2)
```

पहिलं सूत्र शेवटचे चार अंक काढून त्यांचा साधा आकडा करतं, त्यामुळे `KI/24-25/0912` आणि `912` दोन्ही ९१२ होतात. दुसरं सूत्र तो नंबर समोरच्या यादीत किती वेळा आहे ते सांगतं. एक आलं तर ठीक. शून्य आलं तर बिल एकीकडे नाही. दोन आलं तर कुठेतरी दुबार पडलंय.

त्यांच्या यादीतल्या दोन बिलांसमोर शून्य आलं, ११८७ आणि १३०१. आणि ९१२ समोर दोन आलं.

११८७ चं बिल १४ फेब्रुवारीचं, रक्कम ४,२४,८००. मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं १२३६ नंबरचं बिलही नेमकं ४,२४,८०० चं. रकमेवर टिक करत गेले असते तर ११८७ पुढे १२३६ ची टिक पडली असती आणि शेवटी चुकीचंच बिल “राहिलेलं” म्हणून हातात आलं असतं. त्यांचे हिशेबनीस फोनवर म्हणाले, “ताई, माल पोचलाय, पोच पण आहे आमच्याकडं.” मी पोच मागवली. तिच्यावर आमच्या गेटचा शिक्का होता, पण स्टोअरची सही नव्हती.

इथे हिशेबाची पुस्तकं सोडून कारखान्यात उतरावं लागतं. माल आला की आमच्याकडे त्याच्या तीन नोंदी होतात: गेटवरचं आवक रजिस्टर, काटा पावती आणि स्टोअरचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरची नोंद. बिल माझ्या टेबलावर येतं ते जीआरएनला टाचून. गेटच्या रजिस्टरमध्ये १५ फेब्रुवारीला तो गाडी नंबर होता. काटा पावतीही होती, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातला फरक ९,००० किलो. जीआरएन मात्र नव्हता. त्या दिवशी यार्डात पिग आयर्न संपत आलं होतं, म्हणून गाडी स्टोअरला न थांबता थेट भट्टीजवळ नेऊन खाली केली. बिल काटा पावतीला जोडलेलं तसंच सिक्युरिटी केबिनच्या फायलीत राहिलं. बिल, काटा पावती आणि गेट रजिस्टर तिन्हींवर एकच गाडी नंबर आणि जुळणारं वजन मिळालं, तेव्हाच मी ते बिल आपलं मानलं. पुरवठादार म्हणतो म्हणून किंवा जीएसटी पोर्टलवर दिसतंय म्हणून बिल घ्यायचं नाही. फेब्रुवारीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या महिन्याच्या यादीत, ते दिसत होतंच, पण त्यातून एवढंच कळतं की समोरच्याने ते बिल आपल्या नावावर दाखवलंय. माल आला का, हे फक्त आपलं गेट सांगू शकतं.

खरं तर २बी दर महिन्याला खरेदी रजिस्टरशी ताडली तर असं बिल महिनाभरात सापडतं. आमच्याकडे तोवर ताडणी एकाच बाजूने होत असे: आपल्या पुस्तकातली बिलं २बी मध्ये आहेत का, एवढीच. उलटी बाजूही, म्हणजे २बी मध्ये आहे पण पुस्तकात नाही, तितकीच बघायला हवी, कारण गहाळ बिलं तिथेच दिसतात. या बिलातले ६४,८०० रुपये जीएसटी क्रेडिटचे होते. २०२४-२५ च्या बिलाचं क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर २०२५, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर ती तारीख. बिल त्यानंतर सापडलं असतं तर माल आपला, पैसे आपले, आणि क्रेडिट मात्र गेलं असतं.

१३०१ ची गोष्ट वेगळी. बिल ३१ मार्चचं, ४,४८,४०० रुपयांचं. गाडी संध्याकाळी गोव्यातून निघाली आणि १ एप्रिलला आमच्या गेटवर आली. त्यांची विक्री मार्चची. आमचा भाव “गेटपोच” ठरलेला, म्हणून आमची खरेदी एप्रिलची. इथे चूक कुणाचीच नाही. असं बिल घाईने मार्चमध्ये ओढलं की आकडा जुळल्यासारखा दिसतो, पण ३१ मार्चच्या साठ्याच्या मोजणीत तो माल नसतो आणि वर्षाचा नफा तेवढा कमी दिसतो. म्हणून ते खाती जुळवायच्या पत्रकात “वाटेतला माल” म्हणून एक ओळ बनून राहिलं. जीएसटीतही माल हाती आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, मार्चच्या २बी मध्ये बिल आलं तरी.

आता ९१२. हे नोव्हेंबरचं बिल, साडेआठ टन, ४,०१,२०० रुपयांचं. ई-मेलने आलेल्या पीडीएफवरून एकदा नोंदवलं गेलं `KI/24-25/0912` म्हणून, आणि काही दिवसांनी कागदी प्रत स्टोअरमधून आली तेव्हा `912` म्हणून पुन्हा. नंबर वेगळे दिसत असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. त्यातली एक नोंद फेडली गेली, दुसरी आमच्या देय बिलांच्या यादीत मार्चपर्यंत उभी होती. पुरवठादार महिना झाला की फोन करतो, पण या बिलासाठी चार महिन्यांत एकदाही फोन आला नव्हता. आपल्या यादीतलं जुनं देणं ज्याची समोरून विचारणाच होत नाही, ते बहुतेक वेळा दुबार असतं, नाहीतर त्यावरची क्रेडिट नोट आपल्याकडे आलेली नसते. इथे जीआरएन एकच होता, काटा पावती एकच होती, २बी मध्येही बिल एकदाच. दुसरी नोंद रद्द केली. जीएसटीचं क्रेडिट आम्ही २बी प्रमाणेच घेतो, म्हणून सरकारकडून दुबार घेतलं गेलं नव्हतं, फक्त आमच्या इनपुट खात्यात ६१,२०० रुपये जादा पडून होते.

या दुबार नोंदीने गहाळ बिल झाकलं होतं. एक ४,२४,८०० ने आमचं देणं कमी दाखवत होती, दुसरी ४,०१,२०० ने जास्त. दोन्ही मिळून फरक उरत होता जेमतेम २३,६०० चा.

बिलं झाल्यावर पैसे. आमचे मालक पुरवठादाराला गोल रकमा पाठवतात: पाच लाख, तीन लाख. त्यामुळे पैशाची ओळ बिलाशी कधीच थेट जुळत नाही, ती बँकेच्या नोंदीशी जुळवावी लागते. आमच्या बँक उताऱ्यातून प्रत्येक आरटीजीएस-एनईएफटीचा यूटीआर नंबर काढला आणि त्यांच्या उताऱ्यातल्या जमेसमोर ठेवला. ६ जानेवारीचे पाच लाख त्यांच्याकडे नव्हते.

“पैसे पाठवलेत, बघा” असं सांगून इथे काही होत नाही. मी आधी आपलाच बँक उतारा पुढे वाचला, ती रक्कम एक-दोन दिवसांत परत तर आली नव्हती ना ते पाहायला. खाते नंबर चुकला आणि त्या नंबरचं खातंच नसलं तर पैसे परत येतात, आणि ती जमा भलत्याच खात्यात नोंदवली जाऊ शकते. परत आली नव्हती. मग तारीख, रक्कम, यूटीआर आणि बँक उताऱ्यातली ती ओळ त्यांना पाठवली. त्यांच्या बँकेत त्याच दिवशी पाच लाख जमा होते. प्रश्न एवढाच उरला की ते कुणाच्या खात्यावर चढवले.

मालकांच्या भावाचं मशीन शॉप आहे, वेगळी फर्म, वेगळा जीएसटी नंबर. तेही याच व्यापाऱ्याकडून थोडा माल घेतात. मी त्या फर्मचाही उतारा मागवला. तिथे ६ जानेवारीला पाच लाख जमा होते आणि त्या फर्मची शिल्लक उलटी, म्हणजे व्यापाऱ्याकडे आगाऊ रक्कम दिसत होती. आडनाव एकच, त्यांच्या कॅशियरने ओळखीवर नोंद केली होती. फर्म एकाच घरच्या असतील तर दोन्ही खाती एकदम मागवावीत असं माझं ठाम मत आहे. न चढलेला पैसा बहुतेक वेळा शेजारच्याच खात्यात बसलेला असतो. दुरुस्तीसाठी त्यांनी दोन्ही फर्मची पत्रं मागितली आणि ते योग्यच होतं. एका ग्राहकाची जमा दुसऱ्याच्या नावे वळवायची तर दोघांची संमती कागदावर हवी.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात शिल्लक बरोबर असते. डिसेंबरच्या ९६८ नंबरच्या बिलापैकी १,२४,८०० आम्ही आधी दिले होते, उरलेले तीन लाख मुदतीत पाठवले. ते आमच्याच खात्यावर चढलेही, पण कुठल्या बिलापोटी ते न सांगता. टॅलीत पैसे घेताना `Agst Ref` निवडून बिल दाखवावं लागतं. `On Account` निवडलं की रक्कम खात्यात येते पण बिलाला लागत नाही. नुसतं लेजर पाहिलं तर यात काहीच खटकत नाही. खटकतं ते त्यांच्या बिलवार येणे यादीत: वर ९६८ चे तीन लाख थकीत, आणि यादीच्या तळाशी `On Account` तीन लाख उलट बाजूला. म्हणून खातेउताऱ्याबरोबर मी बिलवार यादीही मागते. एकावरून शिल्लक कळते, दुसऱ्यावरून तिचं वय.

याचा खर्च नंतर समोर आला. त्यांच्याकडे थकीत बिलांवर महिना दीड टक्का व्याज लावतात. दोन महिन्यांचे ९,००० आणि त्यावर जीएसटी १,६२०, अशी १०,६२० ची डेबिट नोट त्यांच्या उताऱ्यात होती. आमच्याकडे ती आलीच नव्हती. ती “राहिलेलं बिल” म्हणून सरळ नोंदवली असती तर आकडा जुळला असता आणि वेळेवर दिलेल्या पैशावर व्याजही भरलं असतं. तीन लाखांची तारीख आणि बिलाची मुदत समोर ठेवल्यावर हिशेबनिसांनी लगेच मान्य केलं. पण मी फोनवरच्या “करतो”वर ओळ बंद केली नाही. १०,६२० ची क्रेडिट नोट हातात येईपर्यंत ती पत्रकात उघडी ठेवली.

आता उरले १,८४० रुपये, ते टीडीएसचे. वर्षात एका पुरवठादाराकडून ५० लाखांवर खरेदी झाली की आमच्यासारख्या, म्हणजे मागच्या वर्षी १० कोटींवर उलाढाल असलेल्या खरेदीदाराला वरच्या रकमेवर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४क्यू खाली ०.१ टक्का कापावा लागत होता, जीएसटी सोडून. आमच्या पुस्तकात जीएसटीशिवाय खरेदी होती ६८,४०,०००, म्हणून कपात १८,४०,००० वर १,८४०. ती आम्ही त्यांच्या खात्याला नावे टाकलेली. ते मात्र टीडीएस २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या त्यांच्या कर-उताऱ्यात, दिसल्याशिवाय नोंदवत नाहीत, आणि चौथ्या तिमाहीचं विवरणपत्र मेअखेर भरलं जातं. म्हणून मार्चअखेर हा फरक असणारच.

पण बिलं बदलली की टीडीएसही बदलतो. दुबार बिलाचे ३,४०,००० वजा, गहाळ बिलाचे ३,६०,००० अधिक, म्हणजे खरी खरेदी ६८,६०,००० आणि कपात १,८६०. वीस रुपये कमी कापले होते. मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो, त्यात ते घेतले.

शेवटी पत्रक असं झालं.

आमची शिल्लक १२,६१,८७०
अधिक गहाळ बिल ४,२४,८००
वजा दुबार नोंद ४,०१,२००
वजा कमी कापलेला टीडीएस २०
दुरुस्त शिल्लक १२,८५,४५०

त्यांची शिल्लक २२,४६,३३०
वजा भावाच्या फर्मवर चढलेले ५,००,०००
वजा व्याजाची डेबिट नोट १०,६२०
वजा टीडीएस १,८६०
वजा वाटेतला माल ४,४८,४००
दुरुस्त शिल्लक १२,८५,४५०

दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या मांडते. वरच्या ओळींच्या नोंदी आम्ही आमच्या पुस्तकात करायच्या, खालच्या त्यांनी त्यांच्या, आणि वाटेतल्या मालाला कुणीच काही करायचं नाही. सगळं एकाच यादीत ओतलं की कोणती दुरुस्ती कुणाकडे आहे ते कळेनासं होतं, आणि पुढच्या तिमाहीत तेच फरक पुन्हा उभे राहतात.

खाती जुळली याचा अर्थ भाव बरोबर होता असा मात्र नाही. दोघांनीही टनाला ४०,५०० लावले आणि ठरले होते ४०,००० तर हे पत्रक गप्पच बसेल. म्हणून प्रत्येक बिलाचा दर खरेदी आदेशाशी मी वेगळा पडताळला, त्या वर्षी तो बरोबर निघाला.

१२,८५,४५० च्या शिल्लक-पत्रावर दोघांच्या सह्या एप्रिलमध्येच झाल्या, सोबत हे पत्रक जोडून. क्रेडिट नोट मे महिन्यात आली. टीडीएसची नोंद त्यांनी जूनमध्ये २६एएस पाहून टाकली. आता गेटवर काटा पावतीची दुसरी प्रत रोज संध्याकाळी माझ्याकडे येते, जीआरएन झालेला असो वा नसो, आणि पैसे पाठवले की त्याच दिवशी यूटीआर आणि बिल नंबर लिहिलेला मेल त्यांच्या हिशेबनिसांना जातो.